वाद दोनशे मीटरचा असतो: मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपकाची वेळ दोन गटांत कशी ठरवावी

गणपती जवळ आले की महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत ठरलेला प्रसंग घडतो. विसर्जनाची मिरवणूक मशिदीवरून जाते, रात्रीच्या इशाच्या नमाजाची वेळ आणि ढोल-डॉल्बीची वेळ एकच येते, आणि मागच्या वर्षी काय झालं यावरून मंडळं आणि मशिदीची जमात यांच्यात ताण सुरू होतो. मग पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. पुढारी भाषणं करतात, चहा होतो, सह्या होतात. मिरवणुकीच्या रात्री मात्र सगळं पुन्हा जिथल्या तिथे, कारण कुठे आणि किती वाजता काय करायचं हे बैठकीत कुणी ठरवलेलंच नसतं.

मी काही वर्षं अशा वादांत मध्यस्थ म्हणून बसलो आहे. लोक वाईट हेतूने चुकत नाहीत, त्यांचा कामाचा क्रम उलटा असतो. आधी बैठक, मग चर्चा, आणि मोजणी कधीच नाही. खाली सरळ क्रम दिला आहे. सोबत एका तालुक्याच्या गावातलं उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. त्या गावात अकरा मंडळं, बाजारपेठेतून घाटाकडे जाणारा एकच जुना मार्ग आणि त्या मार्गावर मशीद. जमातीचं म्हणणं, मिरवणूक बाह्यवळण रस्त्याने न्या. मंडळांचं म्हणणं, परंपरेचा मार्ग एक इंचही बदलणार नाही.

## टप्पा १: मध्यस्थ कोण आणि त्याचं काम काय

सुरुवात विसर्जनाच्या किमान सहा आठवडे आधी करा. वीज कंपनीचं किंवा नगरपालिकेचं एखादं काम निघालं तर ते व्हायला तेवढे दिवस लागतात, आणि असं काम बहुतेक वेळा निघतंच.

मध्यस्थ दोन्हीकडच्या लोकांनी स्वतंत्रपणे होकार दिलेला असावा. निवृत्त मुख्याध्यापक, गावातले जुने डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, असं कुणीही चालतं. मात्र तो मंडळाच्या पावतीपुस्तकातला मोठा वर्गणीदार नसावा, जमातीच्या ट्रस्टचा सल्लागार नसावा आणि येत्या निवडणुकीत उभा राहणारा तर मुळीच नसावा. एक बाजू त्याला मनातून आपला मानत असेल तर दुसऱ्या बाजूला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

पोलीस निरीक्षकांना मध्यस्थ करू नका. मिरवणुकीला आणि ध्वनिक्षेपकाला परवानगी तेच देतात आणि अटी मोडल्या तर गुन्हाही तेच दाखल करतात. त्यांच्यासमोर कुणी मोकळं बोलत नाही. त्यांना पहिल्याच दिवशी भेटून काम सुरू केल्याचं सांगा आणि तयार झालेलं कागदपत्र परवानगीच्या अर्जासोबत येईल एवढं ठरवा.

सावधान: मध्यस्थाने निवाडा द्यायचा नसतो. "माझ्या मते मंडळाचं बरोबर आहे" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की त्याचं काम संपलं.

## टप्पा २: आधी वेगवेगळ्या भेटी

दोन्ही गटांना एकत्र बसवण्याआधी किमान दोनदा वेगवेगळं भेटा. या भेटीत मागणी विचारू नका, मागच्या वर्षीची रात्र विचारा. तुम्ही कुठे उभे होता, घड्याळात किती वाजले होते, तुमच्यासमोर कुठलं मंडळ होतं, ते किती वेळ थांबलं, डॉल्बी चालू होती की ढोल. उत्तरं बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्या.

आमच्या उदाहरणात जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, म्हणाले, "सर, मशिदीच्या दारात मुद्दाम थांबतात. एक नाही, सगळी मंडळं थांबतात. आत नमाजाची जमात उभी असते आणि बाहेर छाती हादरते." मंडळांच्या महासंघाचे अध्यक्ष म्हणाले, "सर, आम्हाला तिथे थांबायची काय हौस आहे? पुढे जागाच मिळत नाही. गल्लीभर गाड्या लावून ठेवतात, मुद्दाम." दोघांच्याही बोलण्यात "मुद्दाम" होतं. हा शब्द ऐकला की त्याच्याभोवती गोल करून ठेवा. त्याच्या पोटात बहुतेक वेळा मोजण्यासारखी एखादी गोष्ट असते.

याच भेटींत खरी सूत्रं कुणाच्या हातात आहेत तेही शोधा. सह्या अध्यक्ष आणि सदर करतात, पण त्या रात्री आवाज कमी-जास्त करतो मिक्सरवर बसलेला मुलगा, पथक कुठे थांबणार हे ठरवतो पथकप्रमुख, ट्रॅक्टर हाकतो चालक. मशिदीच्या बाजूला अजानची वेळ मुअज्जिन पाळतो, आणि दारात उभ्या राहणाऱ्या तरुणांना सदरांपेक्षा त्यांच्यातलाच एखादा मोठा भाऊ आवरू शकतो. अशा सहा-सात जणांची नावं वहीत आली पाहिजेत. पुढचा प्रत्येक टप्पा त्यांच्यावर उभा आहे.

तपासा: दोन्हीकडची मागच्या वर्षीची हकीकत तुम्हाला वेळेसकट सांगता येते का? येत नसेल तर तिसरी भेट घ्या.

## टप्पा ३: कायद्याची चौकट एका पानावर लिहा

ज्या गोष्टी ठरवण्याचा अधिकार दोन्ही गटांना नाही, त्या आधीच बाजूला काढा. नाहीतर अर्धी बैठक त्यांच्यावरच जाते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो वापरता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवता येते. ते दिवस कोणते, याची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. "विसर्जनाला बारापर्यंत असतंच" असं गृहीत धरू नका, यंदाच्या यादीची प्रत आणा. जाहीर शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरांत, ही सवलत लागू होत नाही.

आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये. मार्गाबद्दल आदेश काढण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली पोलिसांकडे आहेत.

हे पान दोन्ही बाजूंना एकाच दिवशी द्या, आणि नियम दोघांनाही सारखे आहेत हे त्यातच लिहा. मंडपातली पहाटेची काकड आरती ध्वनिक्षेपकावर सहाच्या आधी लागत असेल तर तोही भंग, आणि पहाटेची फजरची अजान सहाच्या आधी बाहेरच्या कर्ण्यावर होत असेल तर तोही भंग. ही गोष्ट मध्यस्थानेच आधी मांडलेली बरी. बैठकीत एकाने ती दुसऱ्याच्या तोंडावर फेकली की तिचा दगड होतो.

शब्दही जपा. कागदावर सगळीकडे "ध्वनिक्षेपक" लिहा. "भोंगा" म्हटलं की एक बाजू दुखावते, "धिंगाणा" म्हटलं की दुसरी.

## टप्पा ४: मार्ग पायी चालून मोजा

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो आणि सगळ्यात जास्त कामाचा हाच आहे. दोन्ही बाजूंचे दोन-दोन जण, मध्यस्थ आणि जमलं तर वाहतूक शाखेचा एक हवालदार, एवढेच लोक घ्या. जी वेळ वादाची आहे त्याच वेळी निघा. भर दुपारी केलेली पाहणी उपयोगाची नाही, कारण संध्याकाळचा रस्ता वेगळा असतो.

सोबत मोजपट्टी, वही आणि मागच्या वर्षीचे व्हिडिओ असलेला मोबाइल ठेवा. मूळ व्हिडिओ मागवून घ्या. फाईलच्या तपशिलात तारीख आणि वेळ असते, पुढे पाठवलेल्या व्हिडिओत ती बदललेली असू शकते.

आम्ही इशाच्या आधी पाऊण तास निघालो. मशिदीचा आवाज-संवेदनशील पट्टा आधी आखला: गल्लीच्या तोंडावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून पुढच्या चौकातल्या हातपंपापर्यंत. लांबी बरोबर २०० मीटर भरली. मशिदीच्या दारापाशी आल्यावर महासंघाचे अध्यक्ष थांबले आणि वर बघायला लागले. डोक्यावर विजेची तार झोळासारखी लोंबत होती. "इथे प्रत्येक मूर्ती थांबते," ते म्हणाले. "पोरगं ट्रॉलीवर चढतं, वाळलेल्या बांबूने तार उचलतं, मग ट्रॅक्टर पुढे जातो." सदरांनी वर पाहिलं. इतकी वर्षं ते आत नमाजात असायचे, बाहेर कशासाठी थांबतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात इशासाठी लोक यायला लागले. दहा मिनिटांत गल्लीच्या एका कडेला दुचाकींची रांग लागली. मी पट्टी धरली. साडेसहा मीटरचा रस्ता चार मीटरांवर आला होता. सदर गप्प झाले. त्यांना ती रांग रोज दिसत होती, पण ट्रॉलीच्या नजरेने त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. "मुद्दाम"च्या दोन्ही गोलांचं उत्तर त्या एका संध्याकाळी मिळालं.

पर्यायी मार्गही तितक्याच नेटाने चाला. जमातीने सुचवलेल्या बाह्यवळण रस्त्यावर जड वाहतूक होती. शिवाय मधे एक रुग्णालय आणि त्याचा शांतता क्षेत्राचा फलक. म्हणजे मशिदीसमोरचा प्रश्न उचलून रुग्णांच्या खिडकीखाली नेऊन ठेवल्यासारखं झालं असतं. ते पाहून सदरांनी स्वतःहून तो आग्रह सोडला. मी त्यांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

सावधान: पाहणीत जीव धोक्यात घालणारं काही दिसलं, तर ते बैठकीची वाट न पाहता कळवा. बांबूने तार उचलणं म्हणजे एखाद्या पोराचा जीव जाण्याची सोय आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गटांच्या सह्यांनी महावितरणला अर्ज दिला. दोन्ही गटांनी मिळून केलेली ती पहिली सही होती.

## टप्पा ५: मिनिटांचा हिशेब मांडा

आता कागदावर. यात गणित पाचवीचं आहे, पण ते केल्याशिवाय बैठकीला जाऊ नका.

आधी नमाजाच्या वेळा. अजान आणि जमातीच्या, म्हणजे सामूहिक नमाजाच्या, वेळा मशिदीत फलकावर लिहिलेल्या असतात, पण सूर्यास्ताबरोबर सरकतात. म्हणून विसर्जनाच्या तारखेच्या वेळा मुअज्जिनकडून लिहून घ्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्यास्त साडेसहाच्या आसपास असतो. आमच्या मशिदीत सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज सातच्या आत आटोपत होती. इशाची अजान ८ वाजता, जमात सव्वाआठला, आणि सुन्नतची नमाज वगैरे होऊन लोक बाहेर पडेपर्यंत पावणेनऊ. म्हणजे सात ते आठ असा एक मोकळा तास, आणि पावणेनऊनंतर पुढचा मोकळा वेळ.

मग मिरवणुकीची लांबी. एक मंडळ म्हणजे ध्वज, पथक, ट्रॉली आणि मागचे कार्यकर्ते मिळून सुमारे ४० मीटर. अकरा मंडळांचे ४४० मीटर. मधली दहा अंतरं प्रत्येकी २० मीटर धरली तर २०० मीटर. एकूण ६४० मीटर. पहिला ध्वज ट्रान्सफॉर्मरपाशी आल्यापासून शेवटचा माणूस हातपंप ओलांडेपर्यंत हे ६४० अधिक पट्ट्याचे २००, म्हणजे ८४० मीटर सरकायला हवेत. न थांबता, वाजवत, रमतगमत चाललं तरी मिनिटाला २५ मीटर होतात. त्या हिशेबाने ३४ मिनिटं.

मागच्या वर्षी किती लागली? व्हिडिओंवरून पहिलं मंडळ ७ वाजून ५ मिनिटांनी पट्ट्यात शिरलं होतं आणि शेवटचं साडेआठला बाहेर पडलं होतं, म्हणजे ८५ मिनिटं. वरची सुमारे पन्नास मिनिटं तारेखाली गेली होती, दर मंडळामागे साधारण साडेचार मिनिटं. मागचं मंडळ पुढच्याच्या मागे अडकत जातं, त्यामुळे हे थांबे एकात एक न मिसळता एकापुढे एक साचतात. सव्वाआठला जमात उभी राहिली तेव्हा शेवटची दोन-तीन मंडळं दारात होती. ज्यांनी सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या, ती मुळात सगळ्यात जास्त वेळ रखडलेली पोरं होती.

तार वर गेली, दुचाकी हलल्या, तर ३४ मिनिटांचं काम ६० मिनिटांच्या मोकळ्या तासात बसतं. मार्ग बदलायची गरजच उरत नाही.

तपासा: तुमच्या हिशेबात मोकळ्या वेळेचा किमान तिसरा हिस्सा शिल्लक राहतो का? राहत नसेल तर मिरवणुकीचे दोन भाग करा, एक अजानच्या आधी आणि एक नमाजानंतर. बेतास बेत हिशेब त्या रात्री हमखास चुकतो.

## टप्पा ६: संयुक्त बैठक

बैठक मंडपात नको, मशिदीत नको, पोलीस ठाण्यातही नको. शाळेचा वर्ग किंवा ग्रंथालयाची खोली उत्तम. प्रत्येक बाजूचे पाच जण, आणि त्यात वहीतली ती नावं हवीतच: पथकप्रमुख, मिक्सरवाला, मुअज्जिन, तरुणांचा मोठा भाऊ. मोबाइल बाहेर ठेवा. बैठकीचं चित्रीकरण होत असेल तर माणूस समोरच्याशी न बोलता आपल्या गल्लीशी बोलतो.

दोन्ही गट समोरासमोर बसवू नका. भिंतीवर मार्गाचा मोठा नकाशा लावा, सगळ्यांची तोंडं नकाशाकडे. सुरुवात मार्गाने किंवा आवाजाने करू नका. आधी तार आणि दुचाकी घ्या, ज्यावर आधीच एकमत झालं आहे. मग वेळेचा हिशेब फळ्यावर मांडा, आणि तो मध्यस्थाने न मांडता पाहणीला आलेल्या दोघांनी, प्रत्येक बाजूच्या एकेकाने, मांडावा. आवाजाचा मुद्दा सगळ्यात शेवटी.

आवाजावर आमची गाडी अडलीच. "आवाज कमी ठेवू" असं मंडळांनी म्हटलं, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. मी मिक्सरवाल्याला विचारलं, "कमी म्हणजे किती?" तो म्हणाला, "सर, खरं सांगू का? मी कमी करतो, मागून कुणीतरी येऊन परत वर नेतो. गर्दीत मी कुणाकुणाचा हात धरू?" त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. अरुंद गल्लीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे थोडं कमी केल्याने आतल्या माणसाला फरक जाणवत नाही. बेस तर दारं बंद असली तरी आत शिरतो. आणि मोबाइलवरच्या ॲपचा आकडा अंदाजापुरता ठीक, त्याच्यावर कुणी भांडू नये. म्हणून "कमी" हा शब्दच करारात नको. चालू किंवा बंद, एवढंच लिहा.

शेवटी ठरलं ते असं: २०० मीटरच्या पट्ट्यात डॉल्बी बंद, म्हणजे ॲम्प्लिफायरच बंद, नुसता मिक्सरवरचा मास्टर खाली नाही. ढोल-ताशा चालत्या पावलांनी वाजेल, पण थांबून आवर्तन होणार नाही. मिक्सरवाल्याने विचारलं, बंद केलेली यंत्रणा परत लावायला वेळ लागतो, तो कुठे द्यायचा? म्हणून पुन्हा सुरू करण्याची जागा हातपंपाच्याही पुढे, मोकळ्या मैदानापाशी धरली. हा प्रश्न बैठकीत मिक्सरवाला नसता तर निघालाच नसता, आणि त्या रात्री हातपंपाशीच सगळी मिरवणूक तुंबली असती.

जमातीने फजरची अजान आतल्या ध्वनिक्षेपकावर घेण्याचं मान्य केलं, मंडळांनी काकड आरतीचा ध्वनिक्षेपक सहानंतर. नमाजाची वेळ पुढे-मागे करा अशी विनंती मध्यस्थाने करू नये. जमातीने आपणहून काही सुचवलं तर आभार मानून लिहून घ्यावं.

बैठक तापली तर आवाज चढवू नका. दहा मिनिटं थांबवा, दोन्ही गटांना वेगळ्या खोल्यांत न्या आणि एकच विचारा: या मुद्द्यावर तुम्हाला त्या रात्री नक्की काय घडायला हवं? भूतकाळातून माणूस त्या प्रश्नाने बाहेर येतो.

## टप्पा ७: कलमं लिहिणं

"दोन्ही गट सामंजस्य राखतील" हे कलम नाही. कलमात चार गोष्टी लागतात: जागा, वेळ, माणूस, आणि ठरल्याप्रमाणे झालं नाही तर पुढे काय. चौथी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात, आणि रात्री गोंधळ नेमका तिथेच होतो.

आमच्या कागदातलं मुख्य कलम असं होतं:

"पहिलं मंडळ सायंकाळी ७ नंतर ट्रान्सफॉर्मर ओलांडेल. ७.१५ पर्यंत पहिला ध्वज ट्रान्सफॉर्मरपाशी पोहोचला नाही, तर संपूर्ण मिरवणूक मागच्या बाजार मैदानात थांबेल आणि ८.४५ नंतर पुढे निघेल. हा निर्णय महासंघाचे उपाध्यक्ष आणि जमातीचे चिटणीस हे दोघे घड्याळ पाहून घेतील. त्यावर जागेवर चर्चा होणार नाही. मिरवणूक पट्ट्यात असताना ७.५५ वाजले, तर उरलेली मंडळं वादन बंद करून सरळ चालत पट्टा ओलांडतील."

सव्वासात का? ७.१५ ला ३४ मिनिटं मिळवली की ७.४९ होतात. अजानला अकरा मिनिटं शिल्लक. उपाध्यक्षांना साडेसात हवे होते. फळ्यावर ७.३० अधिक ३४ लिहिलं, बेरीज आठच्या पलीकडे गेली, आणि त्यांनी स्वतःच खोडलं.

बाकीची कलमं छोटी होती. मूळ मार्ग तोच राहील. पट्ट्यात गुलाल आणि फटाके नाहीत, आणि कुणा धर्माला उद्देशून घोषणा नाहीत. दुचाकी त्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात लागतील, त्याची जबाबदारी जमातीच्या सहा स्वयंसेवकांची. मशिदीच्या दारात गर्दी करून चित्रीकरण होणार नाही. घाटावरचा ध्वनिक्षेपक परवानगीतल्या वेळेला बंद.

सावधान: कायद्याने दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ "आपसात" मान्य करता येत नाही. दोघं राजी असले तरी शेजारच्या घरातला आजारी माणूस राजी झालेला नसतो, आणि पोलिसांना ते बंधनकारकही नाही.

कागद एका पानात बसवा. मराठीत लिहा, कुणाला उर्दू किंवा हिंदी सोयीची असेल तर तीच कलमं त्या भाषेतही द्या. सह्या झाल्या की प्रत परवानगीच्या अर्जाला जोडा आणि पोलिसांना विनंती करा की या वेळा परवानगीच्या अटींत घ्याव्यात. अट म्हणून आल्या की नवख्या अध्यक्षाला "आमचं तर तसं ठरलंच नव्हतं" म्हणता येत नाही.

## टप्पा ८: कागद माणसांपर्यंत पोहोचवा

सहीनंतर सगळे सुटकेचा श्वास घेतात आणि इथेच काम सोडतात. विसर्जनाच्या आधीच्या आठवड्यात मध्यस्थाने प्रत्येक मंडळाच्या सरावाच्या ठिकाणी जाऊन कलमं मोठ्याने वाचावीत. डॉल्बी बाहेरगावची असेल तर तिच्या मालकाला फोन करून सांगावं, कारण त्याची माणसं त्या संध्याकाळी पहिल्यांदाच गावात येतात. मशिदीत आधीच्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, सदरांनी तीच कलमं सांगावीत.

रस्त्यावर खुणा करा. आम्ही ट्रान्सफॉर्मरच्या खांबाला आणि हातपंपाला पांढऱ्या चुन्याचा जाड पट्टा मारला. "पट्टा कुठून सुरू होतो" हा वाद अंधारात आणि गर्दीत घालता येत नाही.

तपासा: तार प्रत्यक्षात वर गेली का? "काम झालंय" असं फोनवर ऐकून थांबू नका. ट्रॉलीसकट सर्वांत उंच मूर्तीच्या मापाचा बांबू आदल्या दिवशी तारेपासून लांब उभा धरून उंचीचा अंदाज घ्या. शंका वाटली तर तिथला वीजपुरवठा मिरवणुकीपुरता बंद ठेवायला महावितरणला कळवा.

## टप्पा ९: त्या रात्री

ट्रान्सफॉर्मर, मशिदीचं दार आणि हातपंप, या तीन ठिकाणी दोन-दोन माणसं, एक मंडळांचा आणि एक जमातीचा, जोडीने उभे राहतील. सहाही जणांकडे एकमेकांचे, मध्यस्थाचा आणि बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याचा नंबर हवा. संपर्क फोनवरच ठेवा. मोठ्या ग्रुपवर टाकलेला "दगड पडला" हा एक शब्द, पडला नसला तरी, दोन मिनिटांत गावभर होतो. अशी काही बातमी आली तर जोडीतल्या दोघांनी मिळून जागेवर जाऊन पाहायचं आणि दोघांनी मिळूनच सांगायचं. खरंच मारामारीची चिन्हं दिसली तर मध्ये पडू नका, अधिकाऱ्याला सांगा किंवा ११२ लावा.

त्या वर्षी पहिला ध्वज ७ वाजून ९ मिनिटांनी ट्रान्सफॉर्मरपाशी आला. सहाव्या मंडळाच्या ट्रॉलीचं चाक गटाराच्या झाकणात अडकलं आणि सात मिनिटं गेली. शेवटचं मंडळ पट्ट्यात असताना ७.५० झाले होते. दारात उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पथकप्रमुखाने हात वर केला, ताशा थांबला आणि ते मंडळ नुसत्या पावलांनी पुढे गेलं. ७.५५ ची अट होती, त्यांनी पाच मिनिटं आधीच थांबवलं.

## टप्पा १०: दुसऱ्या दिवशीची नोंद

दोन दिवसांच्या आत दोन्ही बाजूंना परत बोलवा, अर्ध्या तासासाठी. कलम वाचायचं आणि शेजारी लिहायचं: झालं, झालं नाही, का. आमच्या नोंदीत गटाराचं झाकण आलं, शाळेच्या पटांगणाचं फाटक उशिरा उघडलं ते आलं, आणि नवव्या मंडळाने पट्ट्यात गुलाल उधळल्याचं आलं. मंडळाच्या अध्यक्षांनी ते समोर मान्य केलं.

पुढच्या वर्षी वेळा तशाच वापरू नका. अनंत चतुर्दशीची तारीख सप्टेंबरच्या सुरुवातीलाही येते आणि तेव्हा सूर्यास्त उशिरा होतो, मोकळा तास पुढे सरकतो. शुक्रवार आला तर दुपारची जुम्म्याची वेळही तपासावी लागते. ईद-ए-मिलाद तर चांद्र तारखेने सरकत येते. २०२३ मध्ये ती आणि विसर्जन २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आले, तेव्हा मुंबईत ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचा निर्णय झाला होता. तसा योग असेल तर सहा आठवडे पुरत नाहीत, तीन महिने आधी बसा, आणि तेव्हा दोन मिरवणुकांचे दोन हिशेब एकाच फळ्यावर मांडा.

नोंदीच्या दोन प्रती करा, एक महासंघाकडे आणि एक जमातीकडे. आमच्या गावातली प्रत आता एका प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे, आणि तिच्या मागच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलंय: "जूनमध्ये तार बघणे."